छायाचित्रातील चेहरा, सोन्याची पार्श्वभूमी : वर्खाचे व्यक्तिचित्र कसे घडते

बनशंकरी (बंगळुरू) : दक्षिण बंगळुरूतील बनशंकरी हा परिसर ज्या देवीच्या नावाने ओळखला जातो, तिच्या मंदिरात राहुकाळात लिंबाच्या सालीचे दिवे लावले जातात. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता असलेली बदामीची बनशंकरी तीच. या भागातील घरांच्या देवघरांत लक्ष्मी, बालकृष्ण किंवा अंबारीतील चामुंडेश्वरी यांची सोनेरी चित्रे सहज दिसतात. गडद लाल पडदा, उठावाची कमान, मस्तकामागे वर्तुळाकार तेज आणि त्यामागे एकसारखी झळाळणारी सोन्याची भिंत अशी त्यांची मांडणी असते. याच मांडणीत देवतेच्या जागी आजी, आजोबा किंवा नवपरिणीत दांपत्य बसवून द्यावे, अशी मागणी आता चित्रकारांकडे होते. सोबत दिले जाते ते एक छायाचित्र.

काम वरवर सोपे वाटते. चेहरा छायाचित्रातला घ्यायचा, बाकीचे देवीच्या चित्रातले. प्रत्यक्षात ही दोन चित्रे एकमेकांशी भांडतात. छायाचित्रात प्रकाश कोठून तरी येतो. खिडकीतून, दिव्यातून, आकाशातून. त्यामुळे नाकाच्या एका बाजूला सावली पडते, हनुवटीखाली काळोख होतो. सोन्याच्या चित्रात प्रकाश कोठूनही येत नाही. तेथे सोने हाच प्रकाश असतो आणि तो सर्व बाजूंनी सारखा असतो. म्हणून छायाचित्रातील सावली जशीच्या तशी उतरवली, की सोन्यासमोर ती सावली न राहता गालावरचा डाग वाटू लागते. ओळखीचा चेहरा अचानक आजारी किंवा मळका का दिसतो, हे घरच्यांना उमगत नाही. चित्रकाराचा हात कच्चा आहे, एवढाच निष्कर्ष ते काढतात.

दोन दरबारांची परंपरा

माणसाला सोन्यापुढे बसवण्याची कल्पना नवी नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) आणि त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी यांची व्यक्तिचित्रे तंजावर शैलीत झाली. ज्या चित्रकारांनी राम आणि कृष्ण रंगवले, त्यांच्याच परंपरेने भोसल्यांचे चेहरेही रंगवले. म्हैसूरला तिसरे कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाखाली, १७९९ ते १८६८ या काळात, दुसरी एक शैली बहरली. दोन्हींचे मूळ विजयनगरच्या चित्रपरंपरेत सांगितले जाते. बंगळुरू हे आज या दोन परंपरांमधले शहर आहे. कर्नाटक चित्रकला परिषदेच्या संग्रहात म्हैसूर शैलीची जुनी चित्रे पाहावयास मिळतात, आणि बाजारात तंजावर पद्धतीचीही चित्रे तितकीच विकली जातात.

ग्राहकाने या दोहोंतील भेद आधी समजून घ्यावा, कारण व्यक्तिचित्राच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो. तंजावर पद्धतीत उठाव जाड असतो, त्यात रंगीत खडे बसवतात आणि वर्खही जाडसर असतो. जुन्या कामात अनेकदा चांदीच्या पातळ पत्र्यावर सोन्याचा मुलामा दिलेला आढळतो. त्यामुळे झळाळी डोळ्यांत भरते. म्हैसूर पद्धतीत उठाव नखाच्या जाडीइतकाच, खडे जवळजवळ नाहीत, वर्ख शुद्ध सोन्याचा आणि अत्यंत पातळ. तेथे रेषा बोलते. प्रस्तुत लेखकाच्या मते, ज्या चित्रात एका विशिष्ट माणसाची ओळख टिकवायची आहे, तेथे म्हैसूर पद्धत अधिक क्षमाशील ठरते. तंजावरच्या खड्यांपुढे सामान्य माणसाचा चेहरा तग धरत नाही. देवांची गोष्ट वेगळी, त्यांचे डोळे मुळातच मोठे काढलेले असतात.

छायाचित्राचा प्रवेश या जगात झाला तेव्हा काहींनी सरळ मार्ग काढला. राजस्थानात नाथद्वारा येथे श्रीनाथजींपुढे हात जोडून उभ्या असलेल्या यात्रेकरूंची चित्रे होत. त्यांत शरीर रंगवलेले आणि चेहरा मात्र छायाचित्रातून कापून चिकटवलेला असे. ती चित्रे आज संग्राह्य मानली जातात, आणि जोड उघड दिसते म्हणूनच ती मजेशीरही वाटतात. पण आजीच्या चित्रात कोणाला अशी जोड नको असते.

एक उदाहरण : आजीचे कृष्णधवल छायाचित्र

समजा, बनशंकरीतील एका मराठी कुटुंबाकडे आजीचे स्टुडिओत काढलेले अर्धाकृती कृष्णधवल छायाचित्र आहे. केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, अंगावर नऊवारी, प्रकाश डाव्या बाजूने. हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंत चेहऱ्याची उंची ३ सेंटिमीटर भरते. चित्र ४५ बाय ३५ सेंटिमीटरच्या फळीवर हवे आहे. या मापाच्या अर्धाकृतीत चेहरा सुमारे ९ सेंटिमीटरचा शोभतो. म्हणजे वाढ तिप्पट. छायाचित्राच्या प्रतीवर अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या, तर कागदावर त्या दीड सेंटिमीटरच्या होतील. मूळ छायाचित्रावर पेन्सिल लावू नये. नेहमी प्रतीवर काम करावे.

चौकटीतून चेहऱ्याची प्रमाणे मिळतात, परंतु काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे त्या सांगत नाहीत. जाणता चित्रकार आधी फक्त रेषा शोधतो. भुवयांची कमान, वरच्या पापणीची रेषा, नाकपुडीचा वळसा, दोन ओठांमधली फट आणि जबड्याची कड. आजीची ओळख बहुतेक या पाच ठिकाणी साठवलेली असते. या रेषा बरोबर आल्या, की सावली पूर्ण पुसली तरी माणूस ओळखू येतो. एखादी रेषा दोन मिलिमीटर सरकली, तर वरून कितीही कुशल छटा दिल्या तरी चेहरा परका वाटतो. पारखण्याची जुनी युक्ती अशी की छायाचित्र आणि रेखाटन दोन्ही उलटी धरून पाहावीत. उलट्या चेहऱ्यात नाते दिसत नाही, केवळ आकार दिसतात. मग चूक लगेच सापडते.

सावलीचे काय? ती नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. गालाची, नाकाची आणि हनुवटीची गोलाई दाखवण्यासाठी कडेलगत दोन्ही बाजूंना सारखी, हलकी छटा दिली जाते आणि मध्यभाग उजळ ठेवला जातो. जणू प्रकाश पाहणाऱ्याच्याच दिशेने येत आहे. डाव्या प्रकाशामुळे छायाचित्रात आजीचा उजवा गाल काळोखात गेला आहे. तो गाल चित्रकाराला दुसऱ्या गालावरून आणि घरच्या इतर छायाचित्रांवरून पुन्हा बांधावा लागतो. म्हणूनच एकाच छायाचित्रावर समाधान मानू नये. चष्म्याच्या काचेवर चकाकी आल्याने डोळा झाकला गेला असेल, तर चष्म्याविना काढलेले दुसरे छायाचित्र अपरिहार्य ठरते. आणखी एक सावधगिरी : जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या पुसून टाकण्याची पद्धत होती. ज्या आजीला नातवंडांनी सुरकुत्यांसह पाहिले, ती त्या छायाचित्रात मुळातच नसते.

अलीकडच्या छायाचित्रांत निराळी अडचण येते. हाताच्या अंतरावरून भ्रमणध्वनीने टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान मागे सरकलेले दिसतात. पडद्यावर ते खपून जाते. सपाट सोन्यापुढे ते विनोदी होते. दीड-दोन मीटर अंतरावरून, उघड्या पण उन्हाविरहित जागेत घेतलेले छायाचित्र या कामासाठी सर्वांत बरे.

रंगाचा प्रश्न घरच्यांनाच विचारावा लागतो. कृष्णधवल छायाचित्रात लुगडे लाल होते की हिरवे, हे कळत नाही. लाल रंग न ओळखणाऱ्या अगदी जुन्या फिल्मवर कुंकूदेखील काळे उतरत असे आणि ओठ होते त्याहून गडद दिसत. तो काळेपणा इमानाने उतरवणारा चित्रकार छायाचित्राशी प्रामाणिक राहतो, आजीशी नाही.

पांढरे केस आणि प्रभावळ

मस्तकामागचे तेजोवलय हा या चित्राचा सर्वांत मोहक आणि सर्वांत धोक्याचा भाग. काळे केस सोन्यावर ठसठशीत उठून दिसतात. पांढरे केस मात्र चकाकत्या सोन्यात विरघळतात. प्रकाश पडला की केस आणि वर्ख यांची उजळता एक होते आणि मस्तकाची कडच हरवते. चित्रकारांना वयस्कर व्यक्तींची चित्रे अवघड वाटतात, त्यामागे हे साधे कारण आहे.

उपाय लाल रंगात आहे. वलयाचा आतला भाग सोन्याचा न ठेवता गडद लाल ठेवायचा आणि सोन्याचा उठाव केवळ बाहेरच्या कड्यात द्यायचा. आपल्या उदाहरणात वलयाचा व्यास सुमारे २० सेंटिमीटर धरला, तर त्याचे केंद्र दोन भुवयांच्या मध्ये घ्यावे. ते टाळूवर घेतले, तर वलय टोपीसारखे वर सरकलेले दिसते. बाहेरचे दीड-दोन सेंटिमीटरचे कडे मोत्यांच्या आणि पाकळ्यांच्या उठावाचे, आत लाल, आणि त्यावर पांढऱ्या केसांची स्वच्छ रेषा. दुसरा पर्याय म्हणजे डोक्यावरून पदर घेणे. आजी पदर घेत असतील तर तो अधिक नैसर्गिक. घेत नसतील तर केवळ चित्राच्या सोयीसाठी तो लादू नये.

माणसाला वलय द्यावे का, असा प्रश्न काही घरांत निघतो. मुघल दरबारी चित्रांत जहांगीरच्या काळापासून बादशहाच्या मस्तकामागे वलय येते, तेव्हा ते केवळ देवांचे राखीव चिन्ह राहिलेले नाही. तरीही सिंहमुख असलेली पूर्ण प्रभावळ, कमलासन आणि आयुधे ही देवतेची लक्षणे आहेत. ती वगळून साधे कडे, कमान आणि पडदा ठेवला, तर चित्र माणसाचेच राहते. चष्म्याची काडी सोन्याने करण्याचा मोहही टाळावा. तेथे बारीक काळी-तपकिरी रेष पुरे.

सोने आधी, चेहरा शेवटी

कामाचा क्रम परंपरेने ठरलेला आहे आणि त्याला कारणे आहेत. म्हैसूर पद्धतीत फळीवर कागद चिकटवून त्यावर अस्तर दिले जाते. रेखाटनासाठी पूर्वी चिंचेच्या काड्या लोखंडी नळीत जाळून कोळसा करत. तंजावर पद्धतीत फळीवर सुती कापड ताणून चिकटवतात आणि खडूची भुकटी व डिंक यांचे थर देऊन, घासून ते गुळगुळीत करतात. त्यानंतर उठाव, मग वर्ख, मग रंग आणि सर्वांत शेवटी चेहरा.

उठावासाठीची खळ डिंक आणि पांढरी भुकटी यांची असते. म्हैसूरला पूर्वी तिच्यात शिशाचा सफेदा आणि रेवणचिनी नावाचा पिवळा झाडाचा चीक घालत. शिसे विषारी असल्याने आता जस्ताचा सफेदा वापरणे शहाणपणाचे. डिंक कमी पडला तर वाळलेला उठाव बोटाला पीठ लागावे तसा झडतो. जास्त झाला तर आकसताना त्याला केसासारख्या भेगा पडतात. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर दोन-चार थेंब वाळवून नखाने खरवडून पाहतात. एकाच वेळी जाड थर देऊन चालत नाही. पातळ थर, पूर्ण वाळवण, मग दुसरा थर, हा धीर ठेवावा लागतो. घाईने उन्हात ठेवलेले काम हमखास तडकते. बंगळुरूच्या पावसाळी दिवसांत उलट अडचण येते. वरून सुकलेला उठाव आतून ओला राहतो, त्यावर वर्ख चढवला की काही आठवड्यांत तो फुगून सुटतो.

वर्ख किती लागतो, याचा हिशेब ग्राहकाने एकदा करून पाहावा. ४५ बाय ३५ सेंटिमीटरच्या चित्राचे क्षेत्रफळ १,५७५ चौरस सेंटिमीटर. त्यातील ४० टक्के भाग सोन्याचा धरला, तर ६३० चौरस सेंटिमीटर. पातळ वर्खाचे पान साधारणपणे ८ सेंटिमीटर चौरस असते; शेजारच्या पानावर थोडे चढवावे लागत असल्याने त्याचा उपयोगी भाग साडेसात सेंटिमीटरचाच उरतो. म्हणजे सव्वाअकरा पाने, आणि फाटतूट धरून १५. अशा पानाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी असते. त्या हिशेबाने १५ पानांतील सोने पाव ग्रॅमही भरत नाही. जाड वर्खाच्या तंजावर कामात हा आकडा वाढतो. पण ‘यात सोनेच इतके लागले’ असे सांगून मोठी किंमत मागितली जात असेल, तर हे गणित समोर ठेवण्यास हरकत नाही. किंमत असते ती हाताची आणि दिवसांची.

उठावावर वर्ख सहज बसतो, कारण नक्षीत सांधे लपतात. सपाट पार्श्वभूमी मात्र काहीच लपवत नाही. अस्तरातील एक कण, डिंकाचा एक ओघळ, कुंचल्याचा एक सुटलेला केस, सारे आरशावर दिसावे तसे दिसते. म्हणून या भागाचे अस्तर इतर भागांहून अधिक घासावे लागते. वर्ख बसल्यावर म्हैसूरकडे त्यावर पातळ कागद ठेवून गुळगुळीत दगडाने हळुवार घोटतात. चांगल्या कामात पानांचे सांधे तिरप्या प्रकाशात अगदी पुसट दिसतात. ते मुळीच दिसत नसतील, तर सोनेरी रंग फासला असण्याची शक्यता आधी तपासावी.

यानंतर लाल. जुने चित्रकार हिंगूळ आणि शेंदूर वापरत. हिंगूळ हे पाऱ्याचे आणि शेंदूर हे शिशाचे संयुग. दोन्ही विषारी, आणि हिंगूळ तीव्र प्रकाशात काळवंडतो. आज टिकाऊ तयार रंग मिळतात. परंतु लाल कोणताही असो, त्याचा परिणाम शेजारच्या रंगावर होतोच. गडद लालाच्या सान्निध्यात त्वचेचा रंग किंचित हिरवट, फिकट भासतो. चेहरा आधी रंगवून ठेवला आणि मागाहून लाल भरला, तर बरोबर वाटलेली कांती बिघडते. चेहरा शेवटी घेण्याचा नियम त्यासाठीच आहे. लाल आणि सोने दोन्ही जागेवर असताना, त्यांच्या तुलनेत कांती थोडी उबदार घेऊन रंगवायची असते. सावळ्या वर्णाला ‘उजळ करून द्या’ ही विनंती बहुधा याच टप्प्यावर येते. सोन्यापुढे सावळी कांती अधिक घट्ट आणि जिवंत दिसते, हे चित्रकाराने एक छोटा नमुना करून दाखवावे.

फसवणूक कशी ओळखावी

बाजारातील स्वस्त चित्रांत चेहरा रंगवलेला नसतो, छापलेला असतो. संगणकावर छायाचित्राला ‘चित्रासारखे’ रूप देऊन ते कापडावर छापतात, वरून थोडे रंगाचे फटकारे देतात आणि भोवती सोनेरी नक्षी करतात. साध्या भिंगातून पाहिले, की गालावर छपाईचे बारीक ठिपके दिसतात. रंगवलेल्या चेहऱ्यात रेषेची जाडी कमी-अधिक होत जाते, आणि सावली दोन्ही कडांना सारखी असते. सोन्याच्या नक्षीत बसलेल्या चेहऱ्यावर एकाच बाजूची छाया दिसली, तर तो बहुधा छापील समजावा. छापील चित्र घेणे हा गुन्हा नव्हे. हाताच्या कामाचे दाम देऊन ते घेणे हा तोटा आहे.

नकली वर्ख तांबे आणि जस्त यांचा असतो. नवा असताना तो खऱ्याहून अधिक चमकतो, हीच त्याची पहिली खूण. काही वर्षांत, विशेषतः दमट हवेत, त्यावर तपकिरी आणि हिरवट ठिपके येतात. शुद्ध सोने काळे पडत नाही. चित्र खरवडून पाहणे अर्थातच योग्य नाही. काम सुरू असताना उरलेल्या वर्खाचा तुकडा मागून घ्यावा. शुद्ध सोन्याचा पातळ वर्ख दिव्यासमोर धरला, तर त्यातून हिरवट-निळसर उजेड पार होतो. तांब्या-जस्ताचा जाडसर पत्रा उजेड जाऊ देत नाही. तंजावरच्या जाड वर्खाला ही कसोटी लागू पडत नाही. तेथे तुकडा मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस ठेवून रंग बदलतो का, ते पाहावे.

चौकट करताना काच उठावाला टेकू देऊ नये. मध्ये पट्टी घालून अर्धा सेंटिमीटर तरी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर दमटपणात वर्ख काचेला चिकटतो. डिंक पाण्यात विरघळत असल्याने ओल्या फडक्याने पुसणे वर्ज्य आहे. कोरडा मऊ कुंचला पुरेसा होतो. देवघरातील समईच्या धुरापासून आणि थेट उन्हापासून चित्र दूर असावे.

सर्वांत शेवटी डोळ्यांतील पांढरा ठिपका येतो. स्टुडिओतील दोन दिव्यांमुळे आजीच्या छायाचित्रात प्रत्येक बुबुळावर दोन ठिपके आहेत. चित्रात एकच ठेवायचा, दोन्ही डोळ्यांत एकाच उंचीवर. त्यानंतर फळीच्या पाठीमागे व्यक्तीचे नाव, आधारभूत छायाचित्राचे वर्ष, वर्खाचा प्रकार, कोणते लाल वापरले ते आणि चित्रकाराची सही, एवढे पेन्सिलीने लिहून घ्यावे. पुढे कधी वर्ख सुटला, तर दुरुस्ती करणारा प्रथम तीच पाठ उलटून पाहतो.